बूटलोडर ५१२ बाइटमध्ये कसा बसला

आर्डुइनो ऊनोसाठी स्केच कंपाइल केलं की खाली मर्यादा दिसते: ३२२५६ बाइट. बोर्डावरच्या एटीमेगा ३२८पी चिपमध्ये फ्लॅश ३२७६८ बाइटची आहे. मधले ५१२ बाइट बूटलोडरचे, म्हणजे नवा स्केच चिपमध्ये उतरवून घेणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचे. २०१० साली ऊनो येण्याआधी ड्युएमिलानोव्हे बोर्डावर हीच मर्यादा ३०७२० होती, कारण तिथला बूटलोडर २ केबी जागा अडवत होता. ऊनोवर ऑप्टिबूट हा छोटा बूटलोडर आला आणि दीड केबी वापरणाऱ्याच्या हाती पडले. ते कुठून आले आणि त्यासाठी काय सोडावं लागलं, हे पाहिलं की कंपायलरच्या बऱ्याच सेटिंगांचा अर्थ उलगडतो.

या चिपमध्ये बूटलोडरसाठी राखीव जागा फ्यूज नावाच्या सेटिंग-बिटांनी ठरते आणि तिची मापं चारच: ५१२, १०२४, २०४८ किंवा ४०९६ बाइट. म्हणून कोड ५१३ बाइट झाला तर सरळ १०२४ बाइट जातात. खरं तर मर्यादा त्याहूनही कडक आहे, कारण ऑप्टिबूट आपला आवृत्ती क्रमांक शेवटच्या दोन बाइटमध्ये ठेवतो.

सेटिंगांचा गाभा साधारण असा:

```
-Os -mrelax -nostartfiles
-Wl,--section-start=.text=0x7e00
```

`-Os` म्हणजे ढोबळमानाने `-O2`, पण कोड फुगवणाऱ्या युक्त्या वगळून. किंमत वेगाची. इथे ती जवळजवळ फुकट आहे: ११५२०० बॉडला एक बाइट यायला सुमारे ८७ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे १६ मेगाहर्ट्झवर जवळपास १४०० सायकल. बूटलोडर बहुतेक वेळ पुढच्या बाइटची वाट पाहत असतो. मोटर नियंत्रणाच्या आतल्या लूपमध्ये मात्र हाच सौदा महाग पडू शकतो, म्हणून `-Os` सगळ्या प्रकल्पाला डोळे मिटून लावू नये.

`-mrelax` लिंकरला लांब उड्या आखूड करायला सांगतो. `call` ही सूचना चार बाइटची, `rcall` दोनची. `rcall` ची पोच मागेपुढे ४ केबी, आणि ५१२ बाइटच्या कोडमध्ये सगळंच त्या टप्प्यात येतं. शिवाय या चिपवर `rcall` ला एक सायकल कमी लागते. म्हणजे या सेटिंगमध्ये जागाही वाचते आणि वेगही जात नाही. असं क्वचितच मिळतं.

खरी जागा वाचली ती कंपायलरच्या नेहमीच्या सुरुवातीच्या फाइली वगळणाऱ्या `-nostartfiles` मुळे, आणि खरी जोखीमही तिथेच आहे. या फाइलींत इंटरप्ट आल्यावर कुठे उडी मारायची हे सांगणाऱ्या व्हेक्टरांचा तक्ता असतो. एटीमेगा ३२८पीला २६ व्हेक्टर, प्रत्येकी चार बाइट: १०४ बाइट, म्हणजे हातातल्या जागेचा पाचवा हिस्सा. ऑप्टिबूट इंटरप्ट वापरतच नाही, त्यामुळे हा तक्ता गेला तरी चालतं. पण त्याबरोबर `main` च्या आधी चालणारा सुरुवातीचा कोडही जातो, आणि तो मुकाट्याने तीन कामं करत असतो.

पहिलं, तो `r1` शून्य करतो. एव्हीआर-जीसीसी हा रजिस्टर कायम शून्य आहे असं धरून चालतो, पण `mul` सूचना त्यातच उत्तर लिहिते. चालू प्रोग्रॅममधून थेट उडी मारून बूटलोडरमध्ये शिरलं तर तिथे काहीही असू शकतं, आणि मग साध्या बेरजा चुकतात. म्हणून ऑप्टिबूटच्या `main` मध्ये `clr __zero_reg__` हाताने लिहिलेलं आहे. दुसरं, स्टॅक पॉइंटर. ३२८पी रीसेटला तो स्वतः रॅमच्या टोकाला नेते, पण जुनी एटीमेगा ८ नेत नाही. तिच्यासाठी `SP=RAMEND` वेगळं लिहावं लागलं. तिसरं, ग्लोबल व्हेरिएबलना सुरुवातीच्या किमती देणं. ते होत नसल्याने अशा किमतींवर विसंबताच येत नाही. बफरसुद्धा रॅमच्या ठरलेल्या पत्त्यावर धरलेला आहे. जो कुणी आपल्या बूटलोडरमध्ये हे सेटिंग उचलतो, त्याने या तिन्ही गोष्टी तपासायलाच हव्यात. कंपायलर इशारा देत नाही.

उरलेली धोकादायक बाब म्हणजे कंपायलरची आवृत्ती. तोच सोर्स, तीच सेटिंगं, पण नवा जीसीसी वेगळे निर्णय घेतो आणि कोड दहा-वीस बाइटने वाढू शकतो. सुदैवाने हे लपत नाही: आवृत्ती क्रमांकाचा सेक्शन `.text` वर चढतो आणि लिंकर तिथेच थांबतो. `avr-size` चा आकडा प्रत्येक बिल्डला पाहिला तर त्याआधीच कळतं.

वापरणाऱ्याच्या स्केचसाठी आर्डुइनोने वेगळा मार्ग धरला. `-ffunction-sections` आणि `--gc-sections` ही जोडी न वापरलेली फंक्शनं टाकून देते. पुढे त्यात `-flto`, म्हणजे लिंक करताना सगळा प्रोग्रॅम एकत्र आखडणारं एलटीओ, आलं, जे जीसीसीमध्ये २०१० च्या ४.५ आवृत्तीपासून आहे. एलटीओला सगळ्या फाइल एकत्र दिसतात, त्यामुळे कोड आणखी आखडतो, पण डीबगरमध्ये ओळी इकडेतिकडे उडतात. आधी वेगळ्या फाइलमुळे झाकलेली चूकही वर येते: इंटरप्टमध्ये बदलणारा फ्लॅग `volatile` नसेल, तर त्याची वाट पाहणारं लूप तो एकदाच वाचून कायमचं अडकू शकतं. असं झालं की लोक एलटीओ बंद करतात आणि प्रोग्रॅम चालू लागतो. दुरुस्ती मात्र `volatile` ची करायला हवी.