‘मान्य आहे, पण’ आणि ‘मान्य आहे, एक विनंती’: जॉइनिंग महिनाभर पुढे नेताना दोन मेलांत काय फरक पडतो

खाली दोन मेल आहेत. मागणी एकच आहे, कारणही एकच.

पहिला: ‘आपली ऑफर मला मान्य आहे, परंतु घरगुती कारणामुळे मी ५ ऑक्टोबरऐवजी २ नोव्हेंबरला रुजू होईन.’

दुसरा: ‘आपली ऑफर आपण दिलेल्या अटींवर मी स्वीकारत आहे, सही केलेली प्रत सोबत जोडली आहे. एक वेगळी विनंती आहे: आईच्या शस्त्रक्रियेमुळे जॉइनिंग २ नोव्हेंबरला करता येईल का?’

बहुतेकांना दुसरा मेल फक्त जास्त नम्र वाटतो. प्रत्यक्षात नम्रतेशी त्याचा फारसा संबंध नाही. पहिला मेल ऑफर स्वीकारतच नाही आणि दुसरा स्वीकारतो.

भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ७ प्रमाणे स्वीकृती संपूर्ण आणि बिनशर्त असावी लागते. त्यात अट घातली की ती स्वीकृती राहत नाही, तुमच्याकडून गेलेला नवा प्रस्ताव होतो. मग तो मान्य करायचा की नाही हे कंपनी ठरवते आणि तिची मूळ ऑफर मागे पडते. या तत्त्वावरचा इंग्लंडमधला १८४० सालचा ‘हाइड विरुद्ध रेंच’ हा खटला आपल्याकडेही विधी महाविद्यालयांत शिकवतात. विकणाऱ्याने शेताची किंमत हजार पौंड सांगितली होती. घेणाऱ्याने साडेनऊशे देऊ केले आणि त्याला नकार मिळाला. मग तो म्हणाला, ‘बरं, हजार घ्या.’ न्यायालयाने करार झालाच नाही असे ठरवले, कारण साडेनऊशे म्हणताक्षणी हजाराचा प्रस्ताव संपला होता. ‘२ नोव्हेंबरला जमत नाही’ असे उत्तर आल्यावर ‘बरं, ५ ऑक्टोबरलाच येते’ म्हणणारा उमेदवार त्याच जागी उभा असतो. बहुतेक कंपन्या एवढा कायदा काढत नाहीत, घेतात सांभाळून. पण मधल्या दोन दिवसांत त्या जागेसाठी दुसरा उमेदवार पक्का झाला असेल, तर हाच मेल त्यांना सोयीचा पडतो.

दुसऱ्या मेलात आधी करार होतो आणि विनंती त्याच्या बाहेर राहते. कलम ६३ प्रमाणे ज्याला वचन दिले आहे तो पूर्ततेची मुदत वाढवून देऊ शकतो. कंपनीने हो म्हटले तर तारीख बदलते, नाही म्हटले तरी ५ ऑक्टोबरची नोकरी तशीच राहते.

मग सगळ्यांनी दुसराच मेल पाठवावा का? इथे एक मेख आहे. ५ ऑक्टोबरला रुजू होणे तुम्हाला खरोखर अशक्य असेल, तर ‘दिलेल्या अटींवर स्वीकारते’ हे वाक्य खोटे ठरते. विनंती नाकारली गेली की सही करून न येणाऱ्यांत तुमची नोंद होते आणि ती कंपनीच्या भरतीच्या नोंदींत राहते. त्यामुळे दुसरा मेल अशांसाठीच, ज्यांना महिना हवा आहे पण अगदीच अडले तर ५ तारखेलाही जाता येईल. ज्यांना जमणारच नाही त्यांनी स्वीकारण्याआधी विचारावे, आणि विचारताना ते निव्वळ विचारणेच राहू द्यावे. ‘२ नोव्हेंबरची जॉइनिंग शक्य आहे का, हे ९ सप्टेंबरच्या आत कळवाल का?’ या वाक्यात अट नाही. १८८० च्या ‘स्टीव्हन्सन विरुद्ध मॅक्लीन’ खटल्यात घेणाऱ्याने तारेने एवढेच विचारले होते की रोख चाळीस शिलिंगांऐवजी माल दोन महिन्यांत पोचवण्याच्या बोलीवर तोच भाव चालेल का. ती चौकशी आहे, नवा प्रस्ताव नाही, आणि मूळ प्रस्ताव जिवंत आहे, असा निकाल लागला.

स्वीकृती कायद्याने कितीही पक्की झाली, तरी तुम्हाला कामावर ठेवाच असा हुकूम न्यायालय खासगी कंपनीला सहसा देत नाही. फार तर नुकसानभरपाईची बाजू उभी राहते. म्हणजे शब्द जपून लिहायचे ते खटला जिंकायला नव्हे, समोरच्याला सहज बाहेर पडायला दार मिळू नये म्हणून.

आता एक नमुना घेऊ. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत काम करणारी अभियंता आहे, तिची नोटीस ३० दिवसांची. मिहानमधल्या कंपनीची ऑफर शुक्रवारी, ४ सप्टेंबरला आली. पत्रात दोन तारखा आहेत: बुधवार ९ सप्टेंबरपर्यंत स्वीकारायचे आणि सोमवारी ५ ऑक्टोबरला रुजू व्हायचे. धंतोलीतल्या हॉस्पिटलात आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ८ ऑक्टोबरला ठरली आहे आणि नंतर तीन आठवडे घरी कुणीतरी लागणार आहे. तिला ५ तारखेला जाणे शक्य नाही, म्हणून तिचा मार्ग चौकशीचा.

सोमवारी, ७ तारखेला सकाळी ती रिक्रूटरला फोन करते. तारीख मागण्याआधी तिने एक गोष्ट विचारावी: ५ ऑक्टोबर कशाला बांधलेला आहे? त्या दिवशी नव्या लोकांची बॅच सुरू होत असेल, तर पुढची बॅच कधी आहे तेच पाहावे लागते, मधली तारीख मागून उपयोग नाही. कुणी सोडून जाणार असेल आणि त्याच्याकडून काम समजून घ्यायचे असेल, तर २ नोव्हेंबरच्या चार दिवस आधी येऊन हस्तांतरण घेते असे सुचवता येते. तारीख नुसतीच महिन्याचा पहिला सोमवार म्हणून टाकली असेल, तर ती बहुतेक हलते.

फोनवर उत्तर काय येणार हे नागपुरात सगळ्यांना ठाऊक आहे: ‘काही नाही होत मॅडम, होऊन जाते, बघून घेऊ.’ हे उत्तर धरून चालू नये. ऑफरच्या पत्रात बहुधा एक ओळ असते की ठरलेल्या तारखेला रुजू न झाल्यास ऑफर आपोआप रद्द समजावी. ती ओळ कागदावर आहे आणि ‘बघून घेऊ’ हवेत आहे. होणाऱ्या मॅनेजरचा ‘नो इश्यू, टेक केअर’ हा व्हॉट्सअॅप मेसेजही तितकाच कच्चा. मॅनेजरचा होकार उपयोगी आहे, पण पत्र एचआरने काढले असेल तर तारीखही एचआरनेच लेखी बदलायची असते.

फोननंतर लगेच मेल. कारण एका वाक्यात: कोणाचे, काय, कधी, आणि तुमची गरज केव्हा संपते. ‘घरगुती अडचण’ एवढेच लिहिले की वाचणाऱ्याच्या मनात पहिली शंका येते ती दुसऱ्या ऑफरची. ही बाई किंवा हा बुवा महिनाभरात आणखी कुठे मुलाखती देणार, हीच एचआरची खरी धास्ती असते. दिवाळी तोंडावर असेल तर तीही शंका जोडीला. शंका शब्दांनी जात नाही. ‘सुधारित पत्र मिळाल्यावर त्याच दिवशी सही करून पाठवते, पडताळणीची कागदपत्रे आताच देते, आणि १६ तारखेला राजीनामा देऊन त्याची पोच पाठवते’ असे लिहिले की जाते. वैद्यकीय कागद आपणहून जोडू नयेत. मागितले तर हॉस्पिटलच्या प्रवेशाच्या तारखेचे पत्र पुरते. लग्नाचे कारण असेल तर पत्रिका चालते.

तारीख एकच आणि नेमकी सांगावी. ‘साधारण महिनाभर’ म्हटले की पुढे आणखी पंधरा दिवस मागणार असे वाटते. दुसरी मागणी सहसा मिळत नाही, म्हणून पहिल्यांदाच खरी तारीख द्यावी.

९ तारखेच्या सकाळपर्यंत उत्तर आले नाही तर? लोक इथे जॉइनिंगच्या तारखेच्या नादात स्वीकारण्याची मुदत विसरतात. मुदत संपली की कलम ६ प्रमाणे प्रस्ताव आपोआप संपतो, तुमची चौकशी अनुत्तरित पडून असली तरी. म्हणून त्या सकाळी एकच मागणी करावी: स्वीकारण्याची मुदत ११ तारखेपर्यंत वाढवून लेखी कळवा. अशी छोटी मुदतवाढ रिक्रूटर बहुधा स्वतःच्या पातळीवर देऊ शकतो. तोवर पोर्टलवरचे `Accept` बटण दाबू नये. त्याच्या शेरा लिहायच्या चौकटीत ‘जॉइनिंग २ नोव्हेंबर’ असे टाकून ते दाबणे तर सगळ्यांत घोटाळ्याचे. बटण सांगते स्वीकारले, शेरा सांगतो अट आहे, आणि शेरा कुणी वाचला की नाही ते शेवटपर्यंत कळत नाही.

राजीनाम्याचा दिवस १६ सप्टेंबर का, तर विम्यामुळे. नोकरीतला गट आरोग्यविमा साधारणपणे शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो आणि नव्या कंपनीचा रुजू झाल्याच्या दिवसापासून लागतो. जॉइनिंग महिनाभर पुढे गेली पण राजीनामा आधीच दिलेला असला, तर शस्त्रक्रिया नेमकी मधल्या पोकळीत येते. तिने ४ सप्टेंबरलाच राजीनामा दिला असता तर शेवटचा दिवस ३ ऑक्टोबर ठरला असता आणि ८ तारखेला आईला कोणतेच संरक्षण उरले नसते. १६ तारखेला दिला की ३० दिवस १५ ऑक्टोबरला पुरे होतात, तोवर आई घरी आलेली असते. नोटीसमधली ८ ते १५ ऑक्टोबरची रजा मात्र आधीच लेखी मंजूर करून घ्यावी, कारण नोटीसमध्ये रजा घेतली की अनेक कंपन्या शेवटचा दिवस तेवढा पुढे ढकलतात. आईवडील जुन्या पॉलिसीत खरोखर आहेत का, आणि संरक्षण शेवटच्या दिवसापर्यंत आहे का, हेही राजीनाम्याआधीच पाहावे.

५ तारखेलाच रुजू होऊन मग रजा काढ, असा सल्ला घरातले कुणीतरी देतेच. परिवीक्षेच्या पहिल्या महिन्यात तीन आठवड्यांची रजा म्हणजे बहुधा बिनपगारी, आणि कायम करण्याची तारीखही त्यामुळे पुढे जाऊ शकते. नवा विमा मात्र लवकर लागतो, तेवढाच फायदा. तोही आईवडिलांना पहिल्या दिवसापासून मिळतो का, हे विचारल्यावरच.

सुधारित पत्र आले की नुसती जॉइनिंगची तारीख पाहून सही करू नये. ऑफर आपोआप रद्द होण्याच्या ओळीत जुनाच ५ ऑक्टोबर राहून जातो. जॉइनिंग बोनस किंवा नोटीसची रक्कम कंपनी भरणार असेल, तर त्यासाठीही ‘अमुक तारखेपर्यंत रुजू झाल्यास’ अशी अट असते आणि तिथली तारीख बदलायची हमखास राहते. पत्राऐवजी मेलनेच तारीख बदलून दिली असेल, तर उत्तरात लिहावे: ‘रद्द होण्याच्या अटीसह जिथे जिथे ५ ऑक्टोबर आहे तिथे २ नोव्हेंबर धरावे, हे बरोबर ना?’ त्याला ‘हो’ आले की मग राजीनामा.