बीटीआधीची आणि नंतरची कपाशी: रेषा एक की दोन?

यवतमाळकडे कोरडवाहू पऱ्हाटीचा हिशेब पावसाशी बांधलेला. आलेखावर आडवा जुलै-ऑगस्टचा पाऊस, उभा एकरी उतारा क्विंटलमध्ये, आणि दर वर्षाचा एक ठिपका. त्या ठिपक्यांतून एक रेषा काढता येते. पण बीटी कपाशीला मार्च 2002 मध्ये परवानगी मिळाली. त्याआधीच्या आणि नंतरच्या वर्षांना एकच रेषा लावणं रास्त आहे का?

ग्रेगरी चाऊ या अर्थतज्ज्ञाने 1960 साली यासाठी एक कसोटी मांडली. रीत समजावी म्हणून आकडे मनाचे घेऊ: 1991 ते 2002 ही 12 वर्षं आणि 2003 ते 2014 ही 12. आधी चोवीसही ठिपक्यांतून एक रेषा काढायची. प्रत्येक ठिपका रेषेपासून वर-खाली किती, त्याचा वर्ग करून बेरीज घ्यायची. ही बेरीज म्हणजे रेषेची चूक. समजा ती आली 60. मग दोन्ही काळांच्या वेगळ्या रेषा काढल्या. बेरजा आल्या 16 आणि 24, मिळून 40.

चूक 20 ने घटली, पण यावर लगेच हुरळून जाऊ नये. वेगळ्या रेषांची चूक एकत्र रेषेपेक्षा कधीच जास्त येत नाही, कारण एका रेषेला उंची आणि उतार असे दोन आकडे लागतात, दोन रेषांना चार. प्रश्न एवढाच, की जादाच्या दोन आकड्यांचा मोबदला पुरेसा मिळाला का? म्हणून घट 2 ने भागायची. उरलेली 40 ची चूक 20 ने भागायची (24 ठिपके वजा 4 आकडे), आणि दोहोंचं गुणोत्तर घ्यायचं:

F = (20 ÷ 2) ÷ (40 ÷ 20) = 5

खरी रेषा एकच असती, तर 2 आणि 20 या भाजकांसाठी F ने 3.49 ओलांडण्याची शक्यता 5 टक्केच. आपला 5 त्यापुढे आहे, तेव्हा एकच रेषा टिकत नाही. मात्र 1 टक्क्याची कडक अट लावली तर मर्यादा 5.85 होते, आणि तिथे आपण अडतो.

बदललं काय, उंची की उतार, हे हा आकडा सांगत नाही. त्यासाठी उतार एकच ठेवून फक्त उंची वेगळी करून पाहायची. चूक 42 वर आली, तर उतार वेगळा केल्याने आणखी 2 च वाचले. म्हणजे पावसाला पीक तसंच प्रतिसाद देतं, रेषा तेवढी वर किंवा खाली सरकली. बीटीमुळेच सरकली असंही म्हणता येत नाही. त्याच काळात खतं, फवारण्या आणि पेरणीचं अंतरही बदललेलं असू शकतं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती वर्ष निवडताना. 2002 आपण बाहेरच्या घटनेवरून ठरवलं, म्हणून 3.49 चालतं. आलेख न्याहाळत, प्रत्येक वर्षी तोडून पाहून सर्वांत मोठा F उचलला, तर तो निव्वळ योगायोगानेही फुगतो. डोनाल्ड अँड्र्यूज यांनी 1993 मध्ये अशा शोधासाठी वेगळी कोष्टकं दिली. दोन्ही टोकांची 15 टक्के वर्षं सोडून शोध घेतला, तर मोठ्या नमुन्यात मर्यादा साधारण 5.9 पडते. चोवीस ठिपके त्यासाठी तोकडेच, पण त्या मापाने आपला 5 नापास होतो.