आउट ऑफ वेगळं, वेटेज वेगळं: एकाच मार्कशीटचे दोन टक्के

जून-जुलैत आमच्याकडे दोनच कामं चालतात, शेतात पेरणी आणि माझ्या टेबलावर ॲडमिशनचे फॉर्म. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात मी फॉर्म भरून देतो. मार्कशीट घेऊन समोर येणारे कमी. बहुतेक जण वावरातूनच फोटो पाठवतात आणि मागून फोन येतो. असाच एक फोन आला होता, "दादा, पोरीच्या मार्कशीटचा फोटू टाकला. साठाच्या वर जाते का नाही, तेवढं सांगा."

पोरगी बी.एस्सी.ला. जिथं अर्ज करायचा होता तिथल्या माहितीपत्रकात अट होती: क्रेडिटनुसार काढलेले टक्के किमान ६०. त्याच फॉर्ममध्ये दुसरीकडे 'मिळालेले गुण' आणि 'एकूण गुण' अशा दोन चौकटीही होत्या. म्हणजे एकाच मार्कशीटवरून दोन वेगळे हिशेब मागितले होते, आणि त्यांची उत्तरं एक येत नव्हती. हे दोन हिशेब लोक नेहमी एकच समजतात. म्हणून तिचंच मार्कशीट समोर ठेवून सांगतो.

चार विषय होते. भौतिकशास्त्र १०० पैकी ५८, क्रेडिट ४. रसायनशास्त्र १०० पैकी ५२, क्रेडिट ४. इंग्रजी ५० पैकी ३१, क्रेडिट २. प्रॅक्टिकल ५० पैकी ४६, क्रेडिट १.

पहिला हिशेब सगळ्यांना येतो. मिळालेल्या गुणांची बेरीज १८७, आउट ऑफची बेरीज ३००. भागाकार करून शंभरानं गुणलं की ६२.३३ टक्के. या पद्धतीत विषयाचं वजन त्याच्या आउट ऑफवरून ठरतं. शंभराचा पेपर पन्नासाच्या पेपरापेक्षा दुप्पट जड, बस. क्रेडिटचा रकाना इथं बघायचाच नाही.

दुसऱ्या हिशेबात वजन क्रेडिटवरून ठरतं, आउट ऑफवरून नाही. म्हणून आधी आउट ऑफचा फरक मिटवायचा, म्हणजे प्रत्येक विषयाचे शंभरापैकी किती ते काढायचे: ५८, ५२, ६२ आणि ९२. मग प्रत्येकाला त्याच्या क्रेडिटनं गुणायचं: २३२, २०८, १२४, ९२. बेरीज ६५६. तिला क्रेडिटच्या बेरजेनं, म्हणजे ११ नं भागायचं. उत्तर ५९.६४.

एका हिशेबात ६२.३३, दुसऱ्यात ५९.६४. साठाची रेघ नेमकी मधे.

बापाला हे फोनवर पटेना. "मार्क तेच, मंग टक्के कमी कसे होते?" मी त्यांना कापसावरून सांगितलं. समजा पहिल्या वेच्याचा ८ क्विंटल कापूस ७,००० च्या भावानं गेला आणि फरदडीचा २ क्विंटल ६,००० नं. सरासरी भाव किती पडला? ६,५०० कोणताच शेतकरी म्हणणार नाही. ते लगेच म्हणाले, "अडुसष्टशे. क्विंटलनं धरा लागते." इथंही तसंच आहे. विषयाचे टक्के म्हणजे भाव, क्रेडिट म्हणजे क्विंटल. पोरीला सगळ्यात चांगला भाव मिळाला प्रॅक्टिकलला, ९२ चा, पण तो माल एकच क्विंटल. भौतिक आणि रसायनचे चार-चार क्विंटल पन्नाशीच्या भावात गेले.

मग या दोन्ही पद्धतींचं उत्तर पुष्कळदा एकच का येतं? कारण पुष्कळ मार्कशीटवर क्रेडिट आणि आउट ऑफ एकाच प्रमाणात असतात. २५ गुणांना १ क्रेडिट धरलं, तर १०० च्या विषयाला ४ आणि ५० च्या विषयाला २ येतात. या मार्कशीटवर प्रॅक्टिकलला १ ऐवजी २ क्रेडिट असते तर बेरीज ७४८ झाली असती, भागिले १२, म्हणजे ६२.३३. पहिल्या हिशेबाशी तंतोतंत जुळलं असतं. म्हणून मार्कशीट हातात आलं की मी आधी प्रत्येक ओळीत आउट ऑफला क्रेडिटनं भागून बघतो. सगळीकडे २५ आले तर कोणताही हिशेब करा, फरक पडत नाही. इथं तीन ओळींत २५ आले, प्रॅक्टिकलच्या ओळीत ५०. ती एक ओळ दिसली की दोन्ही हिशेब वेगळे मांडायचे, हे ठरलंच.

आता चुका. एक चूक साधी आहे: चारही विषयांचे टक्के घेऊन चारानं भागायचं. ५८, ५२, ६२, ९२ यांची सरासरी ६६ येते. हा ना आउट ऑफचा हिशेब, ना वेटेजचा. सगळे विषय सारखेच जड धरले, एवढंच त्यात झालं. अशी उत्तरं पोरं स्वतः काढून आणतात आणि खूश असतात, त्यांना खाली आणताना मला वाईट वाटतं.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. आउट ऑफचा फरक न मिटवता सरळ गुणांनाच क्रेडिटनं गुणायचं. ५८ चोक २३२, ५२ चोक २०८, ३१ दुणे ६२, ४६ एके ४६, बेरीज ५४८. याला ११ नं भागलं तर ४९.८२ येतात. तेव्हा माणसाला शंका येते, म्हणून तो आउट ऑफलाही क्रेडिटनं गुणून ९५० काढतो आणि भागून ५७.६८ वर येतो. हा आकडा खरा वाटतो, पण यात वजन दोनदा लागलं, एकदा आउट ऑफचं आणि एकदा क्रेडिटचं. ५० चा विषय मुळातच कमी गुणांचा, त्यावर क्रेडिटही कमी, म्हणून तो दोनदा हलका झाला. पोरीचे इंग्रजी आणि प्रॅक्टिकलचे टक्के चांगले होते, त्यांचीच किंमत उतरली.

मोबाइलच्या शीटमध्ये करायचं असेल तर B रकान्यात आउट ऑफ, C मध्ये मिळालेले गुण, D मध्ये क्रेडिट लिहा. पहिली ओळ सरळ टक्क्यांची, दुसरी वेटेजच्या टक्क्यांची:

```
=SUM(C2:C5)/SUM(B2:B5)*100
=SUMPRODUCT(C2:C5/B2:B5,D2:D5)/SUM(D2:D5)*100
```

दुसऱ्या ओळीतला `C2:C5/B2:B5` हा तुकडा म्हणजेच आउट ऑफचा फरक मिटवणं. तो राहिला की वरची चूक झालीच.

हे सगळं आकडे बरोबर वाचले तर. आणि फोटोतून आकडे वाचणं हेच अर्धं काम आहे. त्या दिवशीचा फोटो बल्बखाली काढलेला होता. मार्कशीट लॅमिनेट केलेलं, आणि लॅमिनेशनच्या आधी चौघडी केलेलं असावं, कारण मधली घडी नेमकी खालच्या दोन ओळींवरून जात होती. इंग्रजीच्या गुणांवर उजेडाचा पांढरा डाग. ३१, ३७ की ८१ काही कळेना. ८१ तर नाहीच, पेपर ५० चा. उरलेल्या दोघांतलं कोणतं, ते खालच्या छापील बेरजेवरून निघालं: १८७ मधून ५८, ५२, ४६ वजा केले की ३१ राहतात. एखादाच आकडा पुसट असेल तर छापील बेरीज त्याला पकडते.

पण ओळ सरकली तर छापील बेरीज काहीच सांगत नाही. तिरक्या फोटोत डावीकडचं विषयाचं नाव आणि उजवीकडचे गुण एका रेषेत राहत नाहीत. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ४६ इंग्रजीला आणि ३१ प्रॅक्टिकलला लावले होते. बेरीज तरीही १८७. सरळ टक्के तरीही ६२.३३. दोन्ही विषय ५० चेच, त्यामुळे आउट ऑफच्या वर गेल्याची खूणही नाही. अक्षरी गुणांचा रकाना आकड्यांना लागूनच असतो, तोही त्यांच्याबरोबरच सरकलेला. वेटेजचा हिशेब मात्र पार बदलला: २३२, २०८, १८४, ६२, बेरीज ६८६, भागिले ११, म्हणजे ६२.३६. सरळ टक्के ६२.३३ आणि वेटेजचे ६२.३६, इतके जवळ की मला वाटलं, दोन्ही हिशेब जुळले. 'बसते तुमची पोरगी' असं सांगायला मी फोन हातात घेतलाही होता.

थांबवलं प्रॅक्टिकलच्या ३१ नं. भौतिक-रसायनच्या थिअरीत पन्नाशीच्या पुढं असलेल्या पोरीला प्रॅक्टिकलला पन्नासात ३१, आणि इंग्रजीत ४६? असं होत नाही असं नाही, पण आमच्याकडच्या मार्कशीटवर क्वचित दिसतं. शंका घ्यायला तेवढं पुरलं. मी फोन करून सांगितलं, "भाऊ, फोटो पुन्हा काढा. दिवसाउजेडी, दारात सावलीला मार्कशीट जमिनीवर ठेवा, फ्लॅश बंद. मोबाइल बरोबर वरून आडवा धरा. आणि फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा." डॉक्युमेंट म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करत नाही, मोठा करून बघितला तरी आकडा फुटत नाही. घडीवरच्या दोन ओळींचा जवळून वेगळा फोटोही मागितला, विषयाच्या नावापासून गुणांपर्यंत पूर्ण ओळ एकाच फोटोत.

दुसऱ्या फोटोत ४६ प्रॅक्टिकलच्याच ओळीत होते. स्क्रीनवर पट्टी आडवी ठेवून मी एकेक ओळ वाचली आणि क्रेडिटची बेरीज खाली छापलेल्या ११ शी ताडून पाहिली. उत्तर ५९.६४ च.

"साठ लिहून टाका ना दादा, छत्तीस पॉइंटच तं कमी हाय." हा आग्रह दर हंगामात होतो. ५९.६४ म्हणजे ६० नाही. माहितीपत्रकात पूर्णांक धरायची सूट लिहिलेली नव्हती, आणि कागदपत्र तपासणीत हाच हिशेब पुन्हा होतो. तिथं फॉर्म रद्द झाला तर पोरीचं वर्ष जाते. गुणांच्या दोन चौकटींत मी १८७ आणि ३०० लिहिले, टक्क्यांत ५९.६४. वेटेजचा आकडा गुणांच्या चौकटीत कधी घालायचा नाही, तिथं सरळच हिशेब लागतो.

मग आम्ही उलटा हिशेब केला. ६० साठी बेरीज ६६० पाहिजे, तिची ६५६. चार कमी. भौतिकशास्त्रात एक गुण वाढला तर एक टक्का, गुणिले चार क्रेडिट, चार भरून निघतात. रसायनमध्येही तेच. इंग्रजीत एक गुण म्हणजे दोन टक्के, गुणिले दोन, तिथंही चार. प्रॅक्टिकलला मात्र दोन गुण लागले असते. संध्याकाळी पोरीचाच फोन आला. ती म्हणाली, भौतिकच्या पेपरात एक उदाहरण पूर्ण सोडवलं होतं, त्याचे गुण कमी वाटतात. विद्यापीठाच्या नोटीसमधली मुदत बघून आम्ही त्याच एका विषयाच्या उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवली.