सुईने रिकामा होणारा गोळा

बेंजामिन फ्रँकलिनने १७४७ साली लंडनच्या पीटर कॉलिन्सनला लिहिलेल्या पत्रांत एक साधा प्रयोग आहे. तीन-चार इंच व्यासाचा लोखंडी तोफगोळा कोरड्या, स्वच्छ काचेच्या बाटलीच्या तोंडावर ठेवायचा. छतापासून रेशमी दोऱ्याने बुचाची एक लहान गोळी अशी सोडायची, की ती गोळ्याच्या कडेला टेकून राहील. गोळ्याला प्रभार दिला की बुचाची गोळी चार-पाच इंच दूर सरते आणि तिथेच तरंगत राहते. आता हातात लांब, अणकुचीदार दाभण धरून ते सहा-आठ इंचांवर आणले, की गोळी मुकाट्याने परत येऊन गोळ्याला टेकते. तेच काम बोथट वस्तूकडून करून घ्यायचे तर ती एका इंचाच्या आत न्यावी लागते आणि मध्ये ठिणगी पडते. याच्या उलट बाजूही फ्रँकलिनने नोंदवली आहे, आणि तिचे श्रेय त्याने आपला मित्र थॉमस हॉपकिन्सन याला दिले आहे. सुई गोळ्यावरच ठेवली, तर गोळी दूर जाईल इतका प्रभार गोळ्यावर साठतच नाही. अंधारात पाहिले तर टोकाशी काजव्यासारखा उजेड दिसतो.

आज आपण या उजेडाला कोरोना म्हणतो. टोकातून प्रभार गळतो हे फ्रँकलिनला दिसले होते, पण का गळतो आणि नेमका कधी गळू लागतो, हे कळायला दीडशेहून जास्त वर्षे गेली. मधल्या काळात भांडण झाले ते टोकदार की बोथट यावर. इंग्लंडमधल्या पर्फ्लीट येथील दारूगोळ्याच्या कोठारांवर टोकदार विजरोधक बसवावेत, अशी शिफारस १७७२ साली एका समितीने केली. फ्रँकलिन आणि कॅव्हेंडिश दोघेही त्या समितीत होते. त्याच समितीतल्या बेंजामिन विल्सनने मात्र विरोध नोंदवला: टोक विजेला आमंत्रण देते, म्हणून गोल बोंडच हवे. १७७७ मध्ये तिथल्या एका इमारतीवर खरोखर वीज पडली, नुकसान किरकोळ झाले, आणि वाद अधिकच पेटला. दोन्ही बाजूंकडे निरीक्षणे होती. नव्हता तो हवा किती सोसते याचा आकडा.

आजच्या पुस्तकांत हा आकडा एका ओळीत मिळतो: कोरडी हवा, सामान्य दाब, सेंटीमीटरमागे ३० किलोव्होल्ट, म्हणजे मीटरमागे ३० लाख व्होल्ट. विद्युत क्षेत्र याहून वाढले की हवा वाहक होते. गोळ्यावर मावणारा कमाल प्रभार यातूनच काढतात. एकट्या गोळ्याच्या पृष्ठभागावरचे क्षेत्र E = Q/(4πε₀R²) आणि विभव V = ER. म्हणून

Q = 4πε₀R²E

प्रभाराची मर्यादा त्रिज्येच्या वर्गाने वाढते, विभवाची फक्त त्रिज्येच्या पटीत. दहा सेंटीमीटर त्रिज्येच्या गोळ्यावर जेमतेम ३.३ मायक्रोकूलोम मावतात आणि विभव ३ लाख व्होल्टपर्यंत जातो. एक पूर्ण कूलोम साठवायचा तर जवळजवळ ११० मीटर व्यासाचा गोळा लागेल आणि त्याचा विभव १५ कोटी व्होल्टच्या वर जाईल. कूलोम हे स्थिर विजेसाठी किती अवाढव्य एकक आहे, ते या एका हिशेबाइतके दुसऱ्या कशानेही स्पष्ट होत नाही, असे मला वाटते.

पण हाच ३० चा आकडा सुईच्या टोकाला लावला की गणित चुकते. हा आकडा हवेचा अंगचा स्थिरांक असल्यासारखा वापरला जातो, आणि तो तसा नाही.

याचा पहिला सुगावा फ्रीड्रिख पाशेनच्या १८८९ मधल्या मोजमापांत आहे. दोन सपाट पट्ट्यांमध्ये एक सेंटीमीटर हवा असेल तर ठिणगीला सुमारे ३० किलोव्होल्ट लागतात. अंतर एक मिलिमीटर केले तर ३ किलोव्होल्ट पुरायला हवेत, पण प्रत्यक्षात साडेचारच्या आसपास लागतात. फट जितकी अरुंद, तितकी हवा जास्त चिवट. कारण शतक बदलताना जॉन टाउनसेंडने दिले. हवेत भटका इलेक्ट्रॉन नेहमी असतोच. क्षेत्र त्याला ओढते, वाटेत तो रेणूला धडकतो, पुरेशी ऊर्जा असेल तर रेणूतून आणखी एक इलेक्ट्रॉन सुटतो. एकाचे दोन, दोनाचे चार अशी ही लाट वाढत जाते. पण दोन धडकांमधले सरासरी अंतर सुमारे अर्धा मायक्रोमीटर असते. ३० किलोव्होल्ट प्रति सेंटीमीटरच्या क्षेत्रात तेवढ्या वाटेत इलेक्ट्रॉनला दीड इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मिळते, आणि ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढायला बारा लागतात. म्हणजे बहुतेक धडका वाया जातात. अनेक धडकांत थोडी थोडी ऊर्जा साठवू शकणारे किंवा योगायोगाने लांबची मजल मारणारे मोजके इलेक्ट्रॉनच नवा इलेक्ट्रॉन काढू शकतात. त्यातच ऑक्सिजन मोकळे इलेक्ट्रॉन गिळत असतो. सेंटीमीटरमागे सुमारे २५ किलोव्होल्टच्या खाली गिळण्याचा वेग निर्मितीच्या वेगापेक्षा जास्त असतो, त्यामुळे लाट उठतच नाही. त्याच्या वर उठते, पण मोठी व्हायला तिला अंतर लागते. नुसते क्षेत्र तीव्र असून भागत नाही, ते पुरेशा लांबीवर तीव्र राहावे लागते.

सुईच्या टोकाशी नेमकी हीच अडचण आहे. तिथे क्षेत्र प्रचंड असते, पण टोकापासून जरा दूर गेले की कोसळते. हे आकड्यांत बसवले ते जनरल इलेक्ट्रिकमधल्या एफ. डब्ल्यू. पीक याने. त्याच्यापुढचा प्रश्न उच्चदाबाच्या तारांचा होता. व्होल्टेज वाढवत नेले की तारा रात्री जांभळट दिसू लागतात, सुसू आवाज येतो, ओझोनचा वास येतो आणि वीज हवेत वाया जाते. पीकने वेगवेगळ्या जाडीच्या तारा घेऊन चमक सुरू होण्याचे व्होल्टेज मोजले आणि १९११ मध्ये आपला नियम मांडला. तार बारीक होत जाते तसे तिच्या पृष्ठभागावरचे आवश्यक क्षेत्र वाढत जाते. गोळ्यासाठी त्याचे सूत्र असे आहे (r सेंटीमीटरमध्ये, E किलोव्होल्ट प्रति सेंटीमीटरमध्ये, सामान्य दाब-तापमानाला):

E = 27.2 (1 + 0.54/√r)

पीकने लावलेला अर्थ मला सूत्रापेक्षाही मोलाचा वाटतो. पृष्ठभागावर क्षेत्र कितीही असो, चमक सुरू होते ती पृष्ठभागापासून ठरावीक अंतरावरही क्षेत्र हवेच्या मूळ मर्यादेइतके उरते तेव्हाच. सेंटीमीटरमध्ये मोजले तर हे अंतर साधारण ०.३√r भरते. लाटेला वाढायला लागणारी धावपट्टी म्हणजे हेच अंतर.

आता फ्रँकलिनच्या गोळ्याकडे परत जाऊ. त्रिज्या साडेचार सेंटीमीटर धरू. सूत्रात घातली की पृष्ठभागावरचे क्षेत्र सुमारे ३४ किलोव्होल्ट प्रति सेंटीमीटर होईपर्यंत हवा दम धरते. म्हणजे एकटा, गुळगुळीत, हवेत टांगलेला असता तर हा गोळा दीड लाख व्होल्टच्या आसपास जाऊ शकला असता आणि त्यावर पाऊण मायक्रोकूलोम प्रभार मावला असता. काचेच्या बाटलीवरून होणारी गळती पाहता तो तिथवर पोचला नसणार, पण हवेची अट एवढीच आहे.

त्यावर ०.१ मिलिमीटर टोक-त्रिज्येची सुई ठेवा. r = ०.०१ घातला की सूत्र १७४ किलोव्होल्ट प्रति सेंटीमीटर देते, ३० च्या जवळजवळ सहापट. म्हणजे टोकाजवळची हवा उलट जास्त चिवट आहे. तरीही सुईच हरते, कारण टोकाशी क्षेत्र तयार करायला विभव फार कमी लागतो. टोक म्हणजे सुटा गोळा असे धरले तर V = Er लावून १७०० व्होल्ट पुरतात. खरी सुई सुटा गोळा नसते. तिचा लांब दांडा टोकाला काही प्रमाणात झाकतो, म्हणून खरा आकडा काही हजार व्होल्टचा निघतो. तेवढ्यावरही दीड लाख आणि काही हजार यांत वीस-पंचवीस पटींचा फरक उरतोच. ३० चाच आकडा टोकालाही लावला असता तर कोरोना ३०० व्होल्टला सुरू व्हायला हवा होता. हातात धरलेल्या सुईला तो तेवढ्यावर कधीच येत नाही, आणि या आकड्याचा चुकीचा वापर ओळखायची ही सोपी खूण आहे.

टोकदार-बोथट वादाला यातून एक अनपेक्षित उत्तर मिळाले. कोरोना सुरू झाला की टोकाभोवती त्याच्याच चिन्हाच्या आयनांचा ढग जमतो आणि टोकाशी क्षेत्र वाढू देत नाही. टोक स्वतःच झाकले जाते. चार्ल्स मूर आणि सहकाऱ्यांनी न्यू मेक्सिकोतील एका डोंगरमाथ्यावर टोकदार आणि बोथट दांडे शेजारी शेजारी उभे करून सात वर्षे पाहिले. विजा पडल्या त्या अंदाजे अर्धा ते एक इंच व्यासाच्या बोथट दांड्यांवर, टोकदारांवर एकही नाही. ढगच टोकातून रिकामा करता येईल ही फ्रँकलिनची आशाही फोल होती. गोळ्यावर पाऊण मायक्रोकूलोम असतो, ढगात कित्येक कूलोम, आणि टोकातून वाहणारा प्रवाह मायक्रोअँपिअरांत मोजतात.

गोळ्याची मर्यादा सर्वांत मोठ्या प्रमाणावर ताडून पाहिली रॉबर्ट व्हॅन डी ग्राफने. मॅसॅच्युसेट्समधल्या राउंड हिल येथे हवाई जहाजाच्या हँगरमध्ये त्याने पंधरा फूट व्यासाचे अॅल्युमिनियमचे दोन गोळे उभारले, एक धन आणि एक ऋण. त्रिज्या २२९ सेंटीमीटर घातली तर पीकच्या सूत्रातून २८ येतात. इतक्या मोठ्या गोळ्याला वक्रतेची सवलत उरत नाही. म्हणजे दर गोळ्यामागे सुमारे ६४ लाख व्होल्ट आणि १.६ मिलिकूलोम. दोघांत मिळून १ कोटी २८ लाख मिळायला हवे होते. उद्दिष्ट १ कोटीचे होते, १९३३ च्या प्रात्यक्षिकात ७० लाख सांगितले गेले, आणि रोजच्या कामात सुमारे ५० लाखांवर समाधान मानावे लागले. सूत्र एकट्या, आरशासारख्या गोळ्याचे आहे. समोर उलट प्रभाराचा दुसरा गोळा असला की समोरासमोरच्या बाजूंवर क्षेत्र वाढते. हँगरच्या भिंती आणि छपरही जवळ असतात. सांधा, धुळीचा कण, चिकटलेला किडा, प्रभार वाहून नेणारा पट्टा आत जाण्याच्या छिद्राची कड, यातली प्रत्येक गोष्ट फ्रँकलिनच्या सुईचे काम करते.

आणि हे सगळे किती थोड्या प्रभारासाठी! कमाल भरलेल्या अशा गोळ्याच्या पृष्ठभागावर चौरस मीटरमागे २५ मायक्रोकूलोम असतात. ऋण गोळ्यावर हे म्हणजे वरच्या थरातल्या ऐंशी-नव्वद हजार अणूंमागे एक जादा इलेक्ट्रॉन. धातूची त्याहून कितीतरी जास्त सोसायची तयारी असते, अडवते ती भोवतालची हवा. म्हणूनच नंतरच्या यंत्रांत गोळा मोठा करण्याऐवजी तो टाकीत बंद करून भोवतालचा वायू दाबला गेला. दाब वाढला की धडकांमधले अंतर आखडते आणि इलेक्ट्रॉनला ऊर्जा गोळा करायला वाव मिळत नाही. पुढे सल्फर हेक्साफ्लोराइड आला. त्याच दाबाला तो हवेच्या सुमारे अडीचपट क्षेत्र सोसतो, कारण मोकळे इलेक्ट्रॉन गिळण्यात तो ऑक्सिजनपेक्षा फार तरबेज आहे.