बरोबर उत्तर, चुकीचा नियम

अपूर्णांकांच्या सरावपत्रिकेतले हे दोन प्रश्न बघा. प्रत्येक जोडीतला मोठा अपूर्णांक ओळखायचा आहे; दोन्ही समान वाटले तर ‘समान’ लिहायचे.

पहिली जोडी: ३/४ आणि ५/८
दुसरी जोडी: ५/६ आणि ७/८

प्राथमिक वर्गात अशी उदाहरणे ढिगाने असतात. पण नुसते अंक बदलून घातलेल्या दहा उदाहरणांपेक्षा ही दोन अधिक सांगतात, कारण त्यांतले आकडे निवडून घेतलेले आहेत. मूल कोणत्या विचाराने उत्तरापर्यंत आले, ते फक्त उत्तरावरून कळावे, अशी ही निवड आहे.

अपूर्णांकांचा लहान-मोठेपणा ठरवताना मुले स्वतःचे नियम तयार करतात, आणि त्यातले तीन नियम पुन्हापुन्हा दिसतात. पहिला नियम पूर्ण संख्यांच्या सवयीतून येतो: ज्याचे अंक मोठे तो अपूर्णांक मोठा. दुसरा नियम वर्गात ऐकलेल्या वाक्यातून येतो, ‘छेद मोठा तर अपूर्णांक लहान’. अंश सारखे असतील तेव्हाच हे वाक्य खरे आहे, पण ती अट गळून पडते आणि वाक्य तेवढे उरते. तिसरा नियम जरा हुशारीचा आहे: अंश छेदापेक्षा कितीने कमी ते पाहायचे, फरक कमी तो अपूर्णांक मोठा.

आता हे नियम वरच्या जोड्यांना लावून पाहू. ‘अंक मोठे’ म्हणणारे मूल पहिल्या जोडीत ५/८ लिहील आणि दुसऱ्या जोडीत ७/८. ‘छेद मोठा तर लहान’ म्हणणारे ३/४ आणि ५/६ लिहील. फरक मोजणाऱ्याला पहिल्या जोडीत १ आणि ३ हे फरक मिळतात, म्हणून ते ३/४ लिहील. दुसरीत दोन्हीकडे फरक १, म्हणून ‘समान’. खरी उत्तरे आहेत ३/४ आणि ७/८. म्हणजे चार प्रकारच्या विचारांतून उत्तरांच्या चार वेगवेगळ्या जोड्या येतात. आणि गंमत अशी, की तिन्ही चुकीच्या नियमांना एकेका प्रश्नात बरोबर उत्तर मिळते. फक्त पहिली जोडी दिली असती, तर तीनपैकी दोन चुकीच्या नियमांना पूर्ण गुण पडले असते.

रीतीने सोडवताना छेद समान करायचे. ६ आणि ८ यांचा लसावि २४.

५/६ = (५ × ४)/(६ × ४) = २०/२४
७/८ = (७ × ३)/(८ × ३) = २१/२४

२१ चोविसांश हे २० चोविसांशांपेक्षा मोठे, म्हणून ७/८ मोठा.

फरक मोजणाऱ्या मुलाला मात्र मी ही रीत लगेच दाखवणार नाही. त्याचा विचार अर्धा बरोबर आहे. दोन्ही अपूर्णांकांना पूर्ण एक व्हायला एकेकच तुकडा कमी आहे, हे त्याने अचूक हेरले. तो तुकडा केवढा, एवढेच विचारायचे राहिले. एकीकडे १/६ कमी, दुसरीकडे १/८. १/८ हा तुकडा लहान, म्हणून ७/८ मध्ये कमतरता लहान, म्हणून ७/८ मोठा. लसावि काढावाच लागला नाही, आणि मुलाला स्वतःचाच विचार पुरा करता आला.

एवढ्या दोन प्रश्नांवरून निकाल मात्र देऊ नये. अंदाजाने उत्तरे ठोकूनही एखादा नमुना जुळतो. म्हणून त्याच धाटणीची आणखी एक दुक्कल पत्रिकेत पुढे कुठेतरी, लांब अंतरावर पेरावी: २/३ आणि ५/९, तसेच ३/४ आणि ४/५. तिथेही तोच नमुना दिसला तर मग नियम पक्का बसला आहे असे समजायला हरकत नाही.

दशांश अपूर्णांकांत घोटाळा वेगळा असतो, पण त्याची चाल तीच. ०.३५ आणि ०.२७ यांत मोठा कोणता, हा प्रश्न जवळजवळ वाया जातो. दोन्हीकडे दशांश चिन्हानंतर दोनच अंक आहेत, त्यामुळे ३५ आणि २७ अशी तुलना करणारे मूलही सहीसलामत सुटते. अंकांची संख्या वेगळी असली की गोष्ट उघडी पडते. ०.३५ आणि ०.८ दिले, तर काही मुले ०.३५ मोठा म्हणतात, कारण ३५ हे ८ पेक्षा मोठे. काही मुले नेमका उलटा नियम धरून असतात: दशांश मोठे, शतांश लहान, म्हणून चिन्हानंतर जितके अंक जास्त तितकी संख्या लहान. या मुलांना ०.८ हे बरोबर उत्तर मिळते. त्यांना पकडायला दुसरी जोडी लागते, ०.४ आणि ०.६२. तिथे ती ०.४ मोठा म्हणतात, आणि ‘लांब ती मोठी’ म्हणणारी मुले आता बरोबर येतात. म्हणून या दोन जोड्या बरोबरच द्याव्या लागतात.

यावर सर्रास दिला जाणारा उपाय म्हणजे शेवटी शून्य लावून अंक समान करणे: ०.८ चे ०.८० करा, मग ८० आणि ३५ ची तुलना करा. उत्तर हमखास बरोबर येते, पण मूल अजूनही पूर्ण संख्यांचीच तुलना करत असते, फक्त आता ती जुळते. शून्य लावले तेव्हा नेमके काय झाले, हे एकदा तरी कागदावर यायला हवे.

०.८ = ८/१० = ८०/१००
०.३५ = ३५/१००

हे तर वरचेच छेद समान करणे झाले. १० आणि १०० यांचा लसावि १००. हे दिसले की ०.८ आणि ०.८० समान का, आणि ०.८ आणि ०.०८ समान का नाहीत, हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

युरोपात दशांश अपूर्णांक रुळवणारी पुस्तिका सायमन स्टेव्हिन यांनी १५८५ साली लिहिली. त्यांच्या लेखनात दशांश चिन्ह नव्हते. प्रत्येक अंकाबरोबर वर्तुळात एक आकडा असे: दशांशासाठी १, शतांशासाठी २. लिहायला ते किचकटच, पण कोणता अंक कोणत्या स्थानाचा हे डोळ्यांसमोर राही. आजच्या सुटसुटीत टिंबात ते स्थान मनातच धरावे लागते.

संक्षिप्त रूपाबद्दल थोडक्यात. ३६/८४ हे उदाहरण मला आवडते, ते यासाठी:

३६/८४, दोघांना २ ने भागून १८/४२
पुन्हा २ ने भागून ९/२१
३ ने भागून ३/७

बरीच मुले ९/२१ वर थांबतात, कारण दोन्ही संख्या विषम झाल्या आणि २ चा भाग संपला. २४/३२ सारख्या उदाहरणात ही सवय कधीच दिसत नाही. तिथे २ ने भागत गेले की थेट ३/४ मिळते. ज्यांना मसावि येतो त्यांनी १२ ने एकदाच भागावे. उत्तराचा पडताळा तिरक्या गुणाकाराने होतो: ३६ × ७ = २५२ आणि ८४ × ३ = २५२. पण हा पडताळा ९/२१ लाही पास करतो, कारण तोही सममूल्यच आहे. अतिसंक्षिप्त रूप झाले की नाही, हे अंश आणि छेद यांचा सामाईक विभाजक शोधूनच कळते.

आणि एक खबरदारी: १६/६४ हे उदाहरण देऊ नये. वरचा ६ आणि खालचा ६ खोडला की १/४ उरते, आणि तेच बरोबर उत्तर आहे! अंक खोडण्याची ही निखालस चुकीची रीत जुळून येते असे एकापेक्षा लहान, दोन अंकी अंश-छेदांचे अपूर्णांक चारच आहेत (१०/२० सारखे उघड प्रकार सोडून): १६/६४, १९/९५, २६/६५ आणि ४९/९८. त्याऐवजी १३/३९ द्यावे. तिथे ३ खोडणाऱ्याला १/९ मिळते, खरे उत्तर १/३.

शाब्दिक उदाहरणांत गणितापेक्षा वाक्यच जास्त अडवते. हे पाहा: ‘एक दोरी २.४ मीटर लांब आहे. तिचा ३/८ भाग कापून घेतला. उरलेल्या दोरीचा १/३ भाग वापरला. आता किती मीटर दोरी शिल्लक आहे?’

पहिल्या पायरीत ३/८ हा कशाचा भाग, हे लिहायचे: पूर्ण दोरीचा. ८ समान भाग केले तर एक भाग २.४ ÷ ८ = ०.३ मीटर. असे तीन भाग, ०.३ × ३ = ०.९ मीटर.

दुसऱ्या पायरीत उरलेली दोरी: २.४ − ०.९ = १.५ मीटर.

तिसऱ्या पायरीत १/३ हा कशाचा भाग? आता उरलेल्या १.५ मीटरचा. १.५ ÷ ३ = ०.५ मीटर.

शेवटी शिल्लक: १.५ − ०.५ = १ मीटर.

‘कशाचा’ हा शब्द वहीत लिहायला लावणे हीच इथली खरी पायरी आहे. तो टाळला की मूल १/३ सुद्धा पूर्ण दोरीचाच घेते: २.४ ÷ ३ = ०.८ मीटर वापरली, म्हणून शिल्लक १.५ − ०.८ = ०.७ मीटर. हे उत्तर दिसायला अगदी शक्य वाटते, पण वही तपासणाऱ्याला ०.७ दिसताच कोणते वाक्य चुकीचे वाचले ते कळते. याउलट ३/८ ला लांबी समजून २.४ मधून सरळ ३/८ वजा करणाऱ्याला २.४ − ०.३७५ = २.०२५ मीटर असा वेडावाकडा आकडा मिळतो. ०.७ आणि २.०२५ हे दोन चुकीचे आकडे दोन निराळ्या गैरसमजांचे आहेत, आणि दोघांशी बोलायचे ते निराळे.

उदाहरणात १/३ ऐवजी २/३ घातले, तर पहिला गैरसमज मुलाला स्वतःलाच सापडू शकतो. पूर्ण दोरीचा २/३ भाग १.६ मीटर होतो, आणि उरलेली दोरी तर १.५ मीटरच आहे. जितकी उरली त्याहून जास्त वापरता येत नाही. नीट वाचणाऱ्याला मात्र १.५ चा २/३ म्हणजे १ मीटर वापरली आणि अर्धा मीटर उरली, असे सुटसुटीत उत्तर मिळते. वर्गात पहिल्यांदा हा प्रकार शिकवताना २/३ घ्यावे, आणि नंतर तपासायच्या पत्रिकेत १/३.