पुण्यात घर बघायच्या आधी ऑफिसचा फेज विचारा – सोलापूरहून शिफ्ट होणाऱ्यांसाठी

नमस्कार. आम्ही सोलापूरहून पुण्याला घरसामान पोचवतो. आमच्या टेम्पोतलं निम्मं सामान आयटीत लागलेल्या पोरापोरींचं असतंय, म्हणजे गादी, कपाट, मिक्सर, आईने बांधून दिलेला शेंगाचटणीचा डबा आणि दोन चादरी. आणि खरं सांगायचं तर त्यातले बरेचजण सहा-आठ महिन्यांत परत फोन करतात, की दादा, मांजरीतनं वाकडला सामान हलवायचंय. म्हणजे एकाच वर्षात दोनदा भाडं, दोनदा पॅकिंग, वर डिपॉझिट कापलेलं. आम्हाला धंदा मिळतो पण बघवत नाही, म्हणून हे पत्रक छापलं. बुकिंगच्या आधी पाच मिनिटं काढून वाचा.

आपल्या लोकांचं घर कसं ठरतं ते आधी बघा. सोलापूरची एसटी पुण्यात शिरते ती हडपसरवरनं. गाडीतळाला उतरायची सवय, तिकडेच मामा नाहीतर गावातला कोणतरी फुरसुंगीला, मांजरीला, शेवाळेवाडीला राहतो. मग घरचे म्हणतात तिकडंच बघ, ओळखीचं माणूस जवळ असलेलं बरं. यात चूक काही नाही, फक्त या सगळ्यात ऑफिस कुठं आहे हा प्रश्न शेवटी येतो, आणि पुण्यात तोच पहिला पाहिजे.

कारण पुण्यातल्या आयटीच्या नोकऱ्या शहरभर सारख्या पसरलेल्या नाहीत, त्या दोन टोकांना गोळा झाल्यात. पश्चिमेच्या टोकाला हिंजवडी, एमआयडीसीचा राजीव गांधी इन्फोटेक पार्क, आणि सगळ्यात मोठा गठ्ठा तिथंच आहे. पूर्वेच्या टोकाला खराडीचा ईऑन आणि वर्ल्ड ट्रेड सेंटर, आणि तिथनं मुंढव्याच्या पुलावरनं इकडं आलं की मगरपट्ट्याची सायबरसिटी, आणखी पुढं फुरसुंगीकडं एसपी इन्फोसिटी. मधे विमाननगर, कल्याणीनगर, येरवडा हा पट्टा, तो पूर्वेतच धरा. पश्चिमेला बाणेर-बालेवाडी आहे, तिथं लहान आणि मधल्या कंपन्या भरपूर. उत्तरेला तळवड्याचं आयटी पार्क वेगळंच, तिथं कॅपजेमिनीचा मोठा कॅम्पस आहे, तिथं लागलात तर निगडी-चिखलीकडं बघा, हिंजवडीच्या हिशोबाने तिच्या शेजारचं वाकड घेऊ नका.

आता हिंजवडी म्हटलं की लोकांना एक गाव वाटतं. तसं नाहीये. फेज १, २, ३ असे तीन भाग आहेत आणि एकापुढं एक आत आत जातात. इन्फोसिस १ आणि २ मधे, विप्रो २ मधे, टीसीएसचं सह्याद्री पार्क आणि टेक महिंद्रा पार आत ३ मधे, माणच्या बाजूला. हायवेवरनं वाकडच्या पुलाकडनं शिवाजी चौकात यायचं आणि तिथनं पुढं, त्यामुळं फेज ३ वाल्याला फेज १ आणि २ ची सगळी गर्दी पार करूनच आत जावं लागतंय. वाकडमधे राहणारा फेज १ चा माणूस वीस-पंचवीस मिनिटांत पोचतो, तोच फेज ३ ला असेल तर पावसाळ्यात तासभर कुठं जातो कळत नाही, रस्त्यावर पाणी साचलं की अजून वाईट. फेज ३ वाल्यांनी म्हणून बाणेर-बालेवाडीकडनं म्हाळुंगे-नांदे-माणचा मागचा रस्ता नक्की बघून ठेवावा, किंवा सरळ मारुंजी-माणकडंच घर शोधावं.

जॉइनिंग लेटरवर नुसतं 'पुणे' लिहिलेलं असतं, त्यावर घर घेऊ नका. मोठ्या कंपन्यांची एकाच शहरात दोन-तीन ठिकाणी ऑफिसं असतात. एचआरला मेल टाकून तीन गोष्टी विचारा: कॅम्पस कुठला आणि कुठला फेज, ट्रेनिंग तिथंच आहे का दुसरीकडं, आणि आठवड्यात किती दिवस ऑफिसला यायचंय. फ्रेशर असाल तर ट्रेनिंग संपून प्रोजेक्ट मिळेपर्यंत जागा पक्की नसते, एखाद्याला प्रोजेक्ट मिळतो तेव्हा कॅम्पसच बदलतो. म्हणून फ्रेशरना आम्ही सांगतो, पहिले दोन-तीन महिने पीजीत काढा, एक बॅग आणि गादी एवढंच न्या, कपाट-फ्रिज नंतर. त्यात आमचा एक टेम्पो जातो पण तुमचं डिपॉझिट वाचतं.

आता एक खरा हिशोब देतो. मागच्या वर्षी जुळे सोलापूरचा एक मुलगा, ऑफिस हिंजवडी फेज २, आठवड्यात तीन दिवस जायचं. घर बघितलं मांजरीला, कारण आत्या तिथं, भाडं कमी, आणि शनिवार-रविवार सोलापूरला यायला सोपं. अंतर तीस किलोमीटरच्या आसपास, बाईकवरनं. रविवारी दुपारी जाऊन बघितलं तर तासाभरात पोचला, खूश. मग सोमवारपासून सकाळी पावणेदोन ते दोन तास, संध्याकाळी तेवढेच. दोन तास धरले तर जाऊन येऊन चार, तीन दिवसांचे बारा तास, महिन्याचे जवळजवळ अठ्ठेचाळीस. तोच वाकडला असता तर एका वेळेला चाळीस मिनिटं धरा, म्हणजे आठवड्याला चार तास, महिन्याला सोळा. फरक बत्तीस तासांचा. आणि मांजरीचा फायदा काय होता, तर महिन्यातनं दोनदा सोलापूरला येताना शहर ओलांडायला लागत नव्हतं, एका वेळेला दीड तास वाचत होता, दोन ट्रिपचे जाऊन येऊन सहा तास. सहा तास वाचवायला बत्तीस तास घालवत होता हो. कमी भाड्यातला निम्मा पैसा पेट्रोलमधेच जात होता. पाचव्या महिन्यात त्याचं सामान आम्हीच वाकडला नेलं.

गावाला जायची सोय हे कारण आपल्याकडं सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं म्हणून एवढं लिहिलं. वाकड-डांगे चौकाकडनंही प्रायव्हेट ट्रॅव्हल्स सोलापूरला सुटतात, शुक्रवारी रात्री थोडा वेळ जास्त जातो एवढंच, बसमधे झोपता तरी येतं, बाईकवर झोपता येत नाही. उलट ऑफिस खराडीला किंवा मगरपट्ट्याला असेल तर मात्र आपल्या लोकांचं नशीबच, मग हडपसर, मांजरी, केशवनगर बिनधास्त बघा, ऑफिस आणि सोलापूर रोड दोन्ही एका बाजूला. फक्त हडपसरहून खराडीला जाताना मुंढव्याच्या पुलावर गर्दी होते, ती सकाळी नऊला एकदा स्वतः अनुभवून मगच ठरवा.

घर बघायला रविवारी जाऊच नका, हे हात जोडून सांगतो. मंगळवार, बुधवार, गुरुवार हे लोक ऑफिसला जायचे दिवस, यातल्या एका दिवशी सकाळी साडेआठला त्या बिल्डिंगच्या गेटपासून ऑफिसच्या गेटपर्यंत जा आणि संध्याकाळी साडेसहाला परत या. एक दिवस रजा पडली तरी चालेल. मॅपवर रात्री दहाला बघितलेला वेळ काही कामाचा नाही. यूके शिफ्ट असेल, म्हणजे दुपारी दीड ते रात्री साडेदहासारखी, तर गणित वेगळं होतं कारण तुम्ही गर्दीच्या उलट्या वेळेला जाताय, तेव्हा थोडं लांबचं घरही चालून जातं. पण कंपनीची कॅब किती किलोमीटरपर्यंत येते ते आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी हद्द ठरलेली असते आणि त्याच्या बाहेर घर असेल तर अर्ध्या रस्त्यातच उतरवतात. मुलींनी आणि त्यांच्या घरच्यांनी तर हे लेखी विचारून घ्यावं.

नवरा-बायको दोघं आयटीत आणि एक या टोकाला, एक त्या टोकाला, हा सगळ्यात अवघड प्रकार. अशोक चौकातल्या एका जोडप्याचं तसंच होतं, ताईंचं ऑफिस खराडी ईऑन, दादांचं हिंजवडी फेज १. बरोबर मधे म्हणून शिवाजीनगर-डेक्कन बघत होते, भाडं झेपेना, आणि शिवाय मधे राहून दोघांनाही रस्त्यानेच जायचं म्हणजे दोघांचेही हाल. शेवटी त्यांनी दापोडीच्या मेट्रो स्टेशनजवळ पिंपळे गुरवच्या बाजूला फ्लॅट घेतला. दादा सांगवी-वाकडकडनं बाईकवर जातात. ताई दापोडीला मेट्रोत बसतात, सिव्हिल कोर्टला गाडी बदलून रामवाडी, आणि तिथनं रिक्षा. वेळ काही कमी नाही लागत, पण मेट्रोचा वेळ रोज सारखाच लागतो, रस्त्याचा एक दिवस तास तर दुसऱ्या दिवशी दोन. ताई म्हणतात त्याच्यामुळंच नोकरी टिकली. एकच सांगायचं, अशा वेळी मधलं ठिकाण नकाशावर मोजू नका, मेट्रोजवळचं घर शोधा. आणि हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोच्या नावावर कोणी भाडं वाढवून मागत असेल तर त्या फ्लॅटपासून गाडी खरंच मिळते का, स्टेशनपर्यंत चालत किती वेळ लागतो ते स्वतः बघून मगच बोला.

पाण्याचं आपण सोलापूरकर विचारतोच, चार दिवसांआड नळ बघितलेली माणसं आपण. पण पुण्यात पाणी येतंय असं म्हणाले तरी ते नळाचं का टँकरचं ते विचारा. हिंजवडी, माण, मारुंजी ही गावं महापालिकेच्या पाण्यावर नाहीत, नव्या सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर चालतात, वाघोलीकडंही तेच. टँकरचा खर्च मेंटेनन्समधे आहे का भाडेकरूने वेगळा द्यायचा, हे अग्रीमेंटमधे लिहून घ्या.

अग्रीमेंट अकरा महिन्यांचं असतं आणि रजिस्टर केलेलंच पाहिजे, साध्या स्टॅम्पवर सही करू नका. त्यातली लॉक-इनची ओळ नीट वाचा. सहा महिने लॉक-इन असेल आणि तिसऱ्या महिन्यात प्रोजेक्ट बदलून खराडीला गेलात, तर उरलेल्या महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधनं जातं. आमच्या बघण्यातल्या बहुतेक भांडणांचं मूळ हेच. लॉक-इन तीन महिन्यांवर आणायला सांगा, नोटीस एक महिन्याची ठेवा. बरेच मालक ऐकतात, पण आधी विचारलं तरच.

बुकिंगला फोन करताना आम्हाला फ्लॅटचा पत्ता, कितवा मजला, लिफ्टमधे सामान न्यायला सोसायटीची परवानगी आहे का आणि त्याची वेळ काय, एवढं सांगा. आणि ऑफिसचा फेजही सांगा. टेम्पोचा आणि त्याचा संबंध नाही, पण घर चुकतंय असं वाटलं तर आमचा माणूस तुम्हाला सामान चढवायच्या आधीच सांगेल, ॲडव्हान्स परत.