तोंडीचे वीस गुण आणि ‘बाह्य’ प्रेरणेचा गुंता

बी.एड.च्या परीक्षेपुरते प्रेरणेचे दोन प्रकार पाठ केलेला शिक्षक नववी-दहावीच्या वर्गावर येतो, तेव्हा त्याच्या डोक्यात एक सोपी वाटणी असते. मूल आवडीने शिकले तर ती आंतरिक प्रेरणा. मार्क, बक्षीस, छडी, घरच्यांचा धाक हे सगळे बाह्य. पहिली खरी, दुसरी नाइलाजाची. ज्या संशोधकांच्या प्रयोगांतून ही वाटणी गाजली, त्यांनीच १९८५ पर्यंत ती अपुरी ठरवून ‘आत्मनिर्णय’ नावाचा पुढचा सिद्धांत मांडला. आपल्याकडे मात्र पहिला अर्धाच पोचला, आणि मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत गुणांवरून जे वाद झाले ते त्या अर्ध्यावरच झाले.

निजामाच्या काळात माध्यमिक शाळा मोजक्या आणि शिकण्याचे माध्यम उर्दू, त्यामुळे मॅट्रिक होणे म्हणजे नोकरीच्या दारात उभे राहणे. १९४८ नंतर शाळा तालुक्यांपर्यंत गेल्या, दहावीकडे पाहण्याची नजर फारशी बदलली नाही. नव्वदच्या दशकात लातूरच्या पद्धतीचा बोलबाला झाला: सरावपेपर, पुन्हा सरावपेपर, चूक कुठे झाली ते दाखवणे आणि परत पेपर. तिच्यावर ‘घोकंपट्टी’ असा शिक्का मारणे सोपे आहे. पण चूक कुठे झाली हे त्याच आठवड्यात कळणे ही त्या पद्धतीतली खरी ताकद होती, हे टीकाकार सहसा सांगत नाहीत.

आता त्या प्रयोगांकडे. १९७१ मध्ये अमेरिकेत एका मानसशास्त्रज्ञाने महाविद्यालयीन मुलांना तुकडे जुळवण्याची कोडी दिली. काहींना दुसऱ्या बैठकीत सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर मिळाला. मधल्या वेळात तो खोलीबाहेर जाई आणि आठ मिनिटे मुलांना हवे ते करू देई. शेजारी मासिकेही ठेवलेली असत. पैसे बंद झाल्यावर पैसे घेतलेली मुले मोकळ्या वेळात कोड्यांकडे आधीपेक्षा कमी वळली. दोन वर्षांनी बालवाडीतल्या, चित्रे काढायची हौस असलेल्या मुलांवर तसाच प्रयोग झाला. ‘चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे ज्यांना आधी सांगितले होते, ती मुले नंतर रंगीत पेनांशी कमी रमली. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र अचानक मिळाले, त्यांचे काही बिघडले नाही. म्हणजे दोष प्रशस्तिपत्राचा नव्हता, आधी घातलेल्या अटीचा होता.

यावर वाद झालाच. १९९४ मध्ये एका गटाने जुने प्रयोग एकत्र करून ‘बक्षिसाने फारसे नुकसान होत नाही’ असा निष्कर्ष काढला. १९९९ मध्ये कोड्यांच्या प्रयोगामागच्या गटाने १२८ प्रयोगांची बेरीज मांडून उलट सांगितले. त्या बेरजेतल्या दोन मर्यादा शिक्षकाने लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक, नुकसान दिसते ते मुळात रंजक असलेल्या कामात. ज्या कामात गोडी नव्हतीच, तिथे बक्षिसाने गोडी जाण्याचा प्रश्न येत नाही. प्रमेयाची सिद्धता तिसऱ्यांदा लिहून काढणाऱ्या मुलाचे बक्षिसाने काय जाणार? दोन, शाबासकीने मोठ्या विद्यार्थ्यांची गोडी वाढलेली दिसली, पण लहान मुलांत तो परिणाम तसा दिसला नाही.

खरे वळण १९८५ च्या मांडणीत आहे. तिने ‘बाह्य’ हा एक डबा न ठेवता चार पायऱ्या केल्या. सर मारतील म्हणून गृहपाठ करणे ही पहिली. ‘आई-बाप कारखान्यावर ऊस तोडायला गेलेत, तुला लाज कशी वाटत नाही’ हे कुणी दुसऱ्याने म्हणायची गरज उरत नाही, मूल स्वतःच स्वतःला म्हणायला लागते, ही दुसरी. नर्सिंगला जायचे आहे, म्हणून विज्ञान आवडत नसले तरी ते मला लागणार आहे, ही तिसरी. आणि अभ्यास हा माझ्या जगण्याच्या रीतीचाच भाग झालाय, ही चौथी. चारही बाह्यच, कारण हेतू अभ्यासाच्या बाहेर आहे. पण वरच्या दोन पायऱ्यांवरचे मूल आपल्या मर्जीने चालते, खालच्या दोन पायऱ्यांवरचे मूल ढकलले जाते.

बीड जिल्ह्यातल्या शाळांत दुसऱ्या पायरीची मुले भरपूर भेटतात. दिवाळीच्या सुमारास आई-वडील कारखान्याकडे जातात, मूल आजीजवळ किंवा वसतिगृहात राहते आणि त्याला अभ्यासाला लावण्यासाठी लाज हेच सगळ्यात हाताशी असलेले हत्यार असते. ते चालतेही. १९८९ च्या एका अभ्यासात शाळकरी मुलांना ‘गृहपाठ का करतोस’ असे विचारले होते. अपराधी वाटू नये म्हणून करणारी मुले आपण कष्ट करतो असे सांगत होती, तिसऱ्या पायरीवरची मुलेही तेच सांगत होती. फरक अपयशानंतर दिसला: लाजेवर चालणारी मुले जास्त चिंता करत आणि अपयश वाईट रीतीने पचवत. त्यामुळे अशा मुलाकडे वर्गात पाहून काही कळत नाही. सहामाहीत गणितात पडल्यावर ते पुढच्या सोमवारी शाळेत येते का, यावरून कळते.

आता तोंडीच्या गुणांकडे, कारण हा सगळा गुंता तिथे एकाच जागी सापडतो. दहावीला भाषा विषयांत ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुणांची तोंडी होती. ते वीस शाळेच्या हातात. शाळा ते खिरापतीसारखे वाटतात, ही तक्रार जुनीच, आणि खोटी नव्हती. २०१८-१९ मध्ये अभ्यासक्रम बदलला, तेव्हा भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेकडचे गुण काढून पेपर शंभराचा केला. गणित आणि विज्ञानाचे वीस राहिले. मार्च २०१९ ला राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. मराठवाड्यातले औरंगाबाद आणि लातूर हे दोन्ही विभाग राज्याच्या सरासरीखाली राहिले. अकरावी प्रवेशात केंद्रीय मंडळांची मुले पुढे गेल्याची ओरड झाली आणि त्याच वर्षी वीस गुण परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपरच झाला नव्हता, आणि २०१९ ला प्रश्नपत्रिकेचे स्वरूपही नवे होते, त्यामुळे निकालाचा सगळा चढउतार वीस गुणांच्या नावावर टाकता येत नाही. वर्तमानपत्रांनी आणि पालकांनी तो टाकलाच.

वादातले दोन्ही पक्ष एकाच गोष्टीवर बोलत होते: गुण किती. काढा म्हणणाऱ्यांना ते फुकटचे वाटत होते, ठेवा म्हणणाऱ्यांना ग्रामीण मुलाचा आधार वाटत होते. सिद्धांताचा प्रश्न यांतला नाहीच. गुण मुलाला काय सांगतात, एवढेच तो विचारतो. गुणातून दोन निरोप जाऊ शकतात. एक, ‘तू माझ्या मुठीत आहेस’. दुसरा, ‘तुला एवढे येते, एवढे अजून येत नाही’. पहिल्याने मर्जी मरते, दुसऱ्याने जमल्याची भावना येते. १९८४ मध्ये पहिली-दुसरीच्या मुलांना रंगवायला बसवून हेच तपासले होते. रंग सांडायचे नाहीत ही मर्यादा एका गटाला हुकमाच्या भाषेत सांगितली, दुसऱ्याला कारणासकट आणि ‘कधी कधी रंग उडवायला मजा येते हे मला माहीत आहे’ असे कबूल करून. नियम तोच. पहिल्या गटाची गोडी घटली, दुसऱ्याची टिकली.

या मापाने आपले तोंडीचे वीस गुण पाहिले तर दोन्हीकडून तोटा दिसतो. सगळ्या वर्गाला अठरा ते वीस मिळतात, म्हणजे गुणांतून मुलाला स्वतःबद्दल काहीच कळत नाही. तरी वर्षभर ‘अंतर्गतचे मार्क माझ्या हातात आहेत’ हे वाक्य वर्गात फिरत राहते. म्हणजे माहितीचा निरोप शून्य आणि मुठीचा निरोप पुरेपूर. खिरापत आणि धाक एकाच वहीत नांदतात. ते काढलेलेच ठेवले असते तर धाक गेला असता. नीट वापरले असते तर माहिती आली असती. परत आणताना या दुसऱ्या गोष्टीचा विचार झाला नाही, असे माझे मत आहे.

नीट वापरणे म्हणजे काय, ते एका उदाहरणाने. समजा नववीतली एक मुलगी मराठीच्या तोंडीला ‘आमच्या गावातले पाणी’ यावर दोन मिनिटे बोलते. टँकर कधी येतो, रांग कुठून लागते हे ती छान सांगते, पण वाक्ये अर्धी सोडते आणि शेवटी ‘संपलं सर’ म्हणून खाली बसते. नेहमीच्या रीतीने तिला अठरा पडतात आणि पुढचे नाव पुकारले जाते. दुसऱ्या रीतीत शिक्षक विषय तिलाच निवडू देतो. ऐकून झाल्यावर म्हणतो, “रांगेचं वर्णन डोळ्यांपुढं उभं राहिलं. तीन वाक्यं मात्र अर्धी सोडलीस, ती ऐकणाऱ्याला कळत नाहीत. शुक्रवारी परत बोलशील? तेव्हाचेच गुण धरू.” वहीत आज बारा लिहितो आणि शुक्रवारी सोळा. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात हे रोज जमत नाही. आठवड्याला पाच मुले धरली तर एका सत्रात एक फेरी कशीबशी होते. आणि शेजारची शाळा सगळ्यांना एकोणीस देत असेल, तर आपल्या मुलीला सोळा देणाऱ्या शिक्षकाकडे मुख्याध्यापक आणि पालक दोघेही विचारणा करतात. ही अडचण मानसशास्त्राने सुटणारी नाही.

या चर्चेत आणखी एक शब्द अडतो: ‘स्वायत्तता’. मर्जी टिकायला सिद्धांत तीन गरजा मानतो: जमणे, आपलेपणा आणि स्वायत्तता. पहिल्या दोन शिक्षकांना लगेच पटतात. स्वायत्तता म्हटले की प्रशिक्षणात हमखास कुणीतरी उठते, “मग पोरांना मोकळं सोडायचं का?” गैरसमज मराठी शब्दातून येतो; आपल्याकडे स्वायत्त म्हणजे विद्यापीठ नाहीतर महामंडळ, कुणाला न विचारता चालणारे. सिद्धांतात तिच्या विरुद्ध बाजूला शिस्त नाही, बळजबरी आहे. वेळापत्रक, नियम, पाठांतर हे सगळे राहू शकते. मुलाला त्याचे कारण सांगितलेले असले आणि कंटाळा येतो हे त्याला उघड म्हणता आले की पुरते. ‘मर्जी’ हा साधा शब्द तिथे जास्त जवळचा वाटतो.

पाचवी आणि आठवीला २०२३-२४ पासून पुन्हा वार्षिक परीक्षा आल्या, फेरपरीक्षेतही न जमल्यास त्याच वर्गात बसायचे. माध्यमिक शाळांत येणारी मुले आता नापासाची भीती पाहून येतात आणि नववीत त्यांच्यापुढे तीच तोंडीची वही उघडते. बहुतेक ठिकाणी ती गुण पाठवायच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दुपारी, स्टाफरूममध्ये, एकाच पेनाने भरली जाते.